हॉल तिकीट आलं, पण असाइनमेंट राहिल्या: जूनच्या परीक्षेला बसावं का?

प्रश्न: मी वाळपईला राहतो. इग्नूत एमए राज्यशास्त्राला जुलै 2024 च्या सत्रात प्रवेश घेतला. पहिल्या वर्षाच्या चार विषयांपैकी MPS-001 आणि MPS-002 च्या असाइनमेंट वेळेत दिल्या, MPS-003 आणि MPS-004 च्या राहिल्या. पुस्तिकेतली तारीख गेली आणि वाढवलेली तारीखही गेली. परीक्षेचा फॉर्म मात्र चारही विषयांचा भरला होता आणि हॉल तिकिटावर चारही विषय आलेत. मित्र म्हणतात, हॉल तिकीट आहे म्हणजे बसता येतं. अभ्यास केंद्रावरचे म्हणतात, आता असाइनमेंट घेणार नाही. मी नेमकं काय करू?

उत्तर:

MPS-001 आणि MPS-002 ला जूनमध्ये बसा. MPS-003 आणि MPS-004 ला बसू नका. त्या दोन्हींच्या असाइनमेंट डिसेंबरच्या परीक्षेसाठीच्या मुदतीत द्या आणि परीक्षाही डिसेंबरमध्येच द्या. दोन विषयांचे भरलेले पैसे जातील, पण वर्ष जाणार नाही. आता यामागचा हिशेब सांगतो. तो एकदा कळला की पुढच्या वर्षीही उपयोगी पडेल.

तुमचे मित्र चुकतात ते हॉल तिकिटाच्या अर्थात. साध्या कॉलेजात आधी फॉर्म तपासतात, हजेरी बघतात आणि मगच हॉल तिकीट देतात, त्यामुळे ते हातात आलं की पात्रता ठरली असं आपण धरून चालतो. इग्नूत क्रम वेगळा आहे. जूनच्या परीक्षेचे फॉर्म असाइनमेंटची मुदत संपण्याआधीच सुरू होतात, म्हणजे फॉर्म भरताना तुमच्या असाइनमेंट आल्या की नाहीत हे यंत्रणेकडे नोंदलेलंच नसतं. म्हणून फॉर्ममध्ये तुमच्याकडून घोषणा घेतली जाते की ज्या विषयांची परीक्षा मी देतो आहे, त्यांच्या असाइनमेंट मी दिल्या आहेत. हॉल तिकीट निघतं ते या घोषणेवर आणि फीवर. पात्रता कुणीतरी तपासली, असा त्याचा अर्थ होत नाही. घोषणा खोटी ठरली तर निकाल रोखण्याचा अधिकार विद्यापीठाकडे राहतो, आणि सही तुमचीच असते.

आता न बसण्याचा सल्ला का, ते गुणांच्या हिशेबातून पाहू. तुमच्या अभ्यासक्रमात असाइनमेंटला 30 टक्के आणि सत्रांत परीक्षेला 70 टक्के भार आहे. हे प्रमाण इग्नूच्या मर्जीवर नाही. यूजीसीच्या 2020 च्या दूरशिक्षण नियमावलीतच अंतर्गत मूल्यमापन जास्तीत जास्त 30 टक्के आणि अंतिम परीक्षा कमीत कमी 70 टक्के, असं बांधून दिलं आहे. पण भारापेक्षा महत्त्वाची अट दुसरी आहे. एमएला असाइनमेंटमध्ये वेगळे 40 टक्के आणि परीक्षेत वेगळे 40 टक्के मिळवावे लागतात. एकीकडची उणीव दुसरीकडून भरून निघत नाही.

समजा MPS-001 च्या असाइनमेंटला 72 आणि परीक्षेला 45 मिळाले. 72 चे 30 टक्के 21.6 आणि 45 चे 70 टक्के 31.5, एकूण 53.1. दोन्ही बाजू चाळीसच्या वर आहेत, विषय सुटला. MPS-002 ला असाइनमेंटचे 80 आणि परीक्षेचे 38 आले तर बेरीज 50.6 होते, तरीही विषय अडतो, कारण परीक्षेचे 38 चाळीसच्या खाली आहेत. मात्र इथे असाइनमेंटचे 80 तसेच राहतात. पुढच्या वेळी फक्त लेखी परीक्षा द्यायची, असाइनमेंट पुन्हा लिहायची गरज नाही.

आता MPS-003 घ्या. समजा असाइनमेंट नसताना तुम्ही बसलात आणि पेपरात चांगले 61 मिळवलेत. त्यांचे 70 टक्के म्हणजे 42.7. आकडा चाळीसच्या वर दिसतो, म्हणून काहींना वाटतं की पास झालो. ग्रेड कार्डावर मात्र असाइनमेंटचा रकाना रिकामा असतो आणि शेवटच्या स्टेटसच्या रकान्यात NOT COMPLETED लिहिलेलं असतं. असाइनमेंटचे गुण चढल्याशिवाय तो विषय पुरा होत नाही. म्हणजे असाइनमेंट तुम्हाला लिहावीच लागणार आहे, आज ना उद्या. मग खोट्या घोषणेवर पेपर देऊन निकाल रोखला जाण्याची टांगती तलवार डोक्यावर कशाला घ्यायची? अनेकजण तसे बसतात आणि गुण दिसतातही, हे खरं. पण तो हक्क नाही, आणि उद्या गुण दिसले नाहीत तर दाद मागायला तुमच्याकडे एकही कागद नसेल.

याचा अर्थ असाइनमेंट ही परीक्षेची प्रवेशपत्रिका तर आहेच, पण एकूण गुणांचा जवळपास तिसरा हिस्साही आहे, आणि तो घरी बसून, पुस्तकं उघडी ठेवून मिळवायचा आहे. अभ्यासक्रमाच्या शेवटी प्रथम श्रेणीसाठी 60 टक्के लागतात. परीक्षेत 52 मिळवणाऱ्याच्या असाइनमेंट जर 80 च्या असतील, तर त्याची बेरीज 60.4 होते.

पैशांचं काय झालं

एका लेखी विषयाची परीक्षा फी 200 रुपये आहे. भरलेली फी परत मिळत नाही आणि पुढच्या परीक्षेकडे वळवतही नाहीत. म्हणजे तुमचे 400 रुपये गेले आणि डिसेंबरसाठी पुन्हा 400 भरावे लागतील. डिसेंबरचा फॉर्म मुदतीत भरा. विलंबाची फी 1100 रुपये आहे, म्हणजे दोन विषयांच्या फीच्या जवळपास तिप्पट.

पुढचा फॉर्म भरताना एक पथ्य पाळा. ज्या विषयाची पोच हातात आहे किंवा ज्याची असाइनमेंट लिहून तयार आहे, त्याच विषयावर खूण करा. "लिहीनच मुदतीपर्यंत" या भरवशावर चारही विषय निवडले की जे आज झालं तेच पुन्हा होतं.

कोणती प्रश्नपत्रिका लिहायची

इथे सर्वांत जास्त लोक फसतात, म्हणून जरा थांबून वाचा. इग्नूची असाइनमेंट पुस्तिका वर्षाची असते आणि तिच्यावर दोन सत्रांची नावं असतात. तुमच्या पुस्तिकेवर जुलै 2024 आणि जानेवारी 2025 असं लिहिलेलं असेल, आणि असाइनमेंटचा कोड MPS-003/ASST/TMA/2024-25 अशा धाटणीचा असेल. आत दोन तारखाही असतात: जुलैवाल्यांसाठी मार्च किंवा एप्रिल अखेरची, जानेवारीवाल्यांसाठी सप्टेंबर किंवा ऑक्टोबर अखेरची. पहिली तारीख जूनच्या परीक्षेसाठी, दुसरी डिसेंबरच्या परीक्षेसाठी.

तुमची पहिली तारीख चुकली आहे. तुम्ही आता डिसेंबरला बसणार, म्हणून दुसरी तारीख तुमची, आणि 2024-25 चीच प्रश्नपत्रिका त्या डिसेंबरला चालते. पण तीही तारीख गेली, तर जुने लिहिलेले कागद निरुपयोगी होतात. तेव्हा नव्या वर्षाची पुस्तिका उतरवून तिच्यातल्या प्रश्नांची उत्तरं लिहावी लागतात. तरीही लिहायला बसण्याआधी अभ्यास केंद्राला एक छोटा ईमेल करा: अमुक विषय, अमुक नोंदणी क्रमांक, डिसेंबरच्या परीक्षेसाठी 2024-25 ची प्रश्नपत्रिका स्वीकाराल ना? तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. काउंटरवरचा माणूस बदलतो, ईमेल राहतो.

असाइनमेंट दुसऱ्यांदा देण्यासाठी वेगळी फी पडत नाही. आणि हेही ध्यानात ठेवा की ज्या असाइनमेंटमध्ये तुम्ही पास झालात, तिचे गुण वाढवण्यासाठी ती पुन्हा देता येत नाही. म्हणून पहिल्यांदाच नीट लिहा.

किती काम आहे

MPS च्या असाइनमेंटमध्ये दोन भाग असतात. एकूण पाच प्रश्न सोडवायचे, प्रत्येक भागातले किमान दोन, प्रत्येक उत्तर साधारण 500 शब्दांचं, प्रत्येकाला 20 गुण. एका भागातून चार आणि दुसऱ्यातून एक असं कुणी केलं तर एका उत्तराचे गुण जाऊ शकतात. ही सूचना पहिल्या पानावरच असते आणि तीच वाचायची राहून जाते.

500 शब्द म्हणजे हाताने लिहिलेली तीनेक पानं. पाच उत्तरांची पंधरा-सोळा, दोन विषयांची तीसेक पानं. वाचन, मुद्दे काढणं आणि लिहिणं धरून एका उत्तराला दोन-अडीच तास द्या. नोकरी करणाऱ्या माणसालाही आठवड्याला दोन उत्तरं जमतात. म्हणजे तुमची दहा उत्तरं पाच आठवड्यांची आहेत. जूनचे दोन पेपर झाल्यावर जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून सुरुवात केली तर ऑगस्टच्या मध्याला संपतील.

चवथीच्या आधी संपवा असं मी मुद्दाम सांगतो. गोव्यात चतुर्थीचे दिवस आले की घरात लिहायला टेबल मोकळं राहत नाही, आणि त्यानंतर दसरा-दिवाळी दारात उभी असते. 2024 मध्ये ऑक्टोबर अखेरच नरकचतुर्दशी होती, आदल्या रात्री गावोगाव नरकासुर. 31 मार्च 2025 ला ईदची सुट्टी आणि त्याच्या आदल्या दिवशी रविवार आणि गुढीपाडवा. शेवटची तारीख कॅलेंडरवर असते, पण केंद्राचा दरवाजा त्या दिवशी उघडा असेल असं नाही. इग्नूची अभ्यास केंद्रं मुख्यतः कॉलेजांत चालतात आणि बरीच शनिवार-रविवारी किंवा कॉलेजची वेळ संपल्यावर उघडी असतात. म्हणून तुमची खरी शेवटची तारीख म्हणजे मुदतीआधी केंद्र उघडं असलेला शेवटचा दिवस. वाळपईहून कदंबाने जाऊन बंद दरवाजा बघून परत येण्यापेक्षा आधी फोन करा.

मुदतवाढीवर विसंबू नका. विद्यापीठ बऱ्याचदा तारीख वाढवतं, पण वाढवेलच असं बंधन नाही. आणि सूचना निघाली तर ती ignou.ac.in वरच वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवरून नव्हे. मागच्या वर्षीची सूचना दिवसाचा आकडा तोच असल्यामुळे यंदाची समजून फिरवली जाते. सूचनेत परीक्षेचं नाव आणि वर्ष काय आहे, आणि ती तुमच्या पद्धतीच्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, एवढं तपासलं की पुरे.

कागद कसे द्यायचे

हाताने लिहा, स्वतःच्या अक्षरात. डाव्या बाजूला चार सेंटिमीटर समास सोडा आणि दोन उत्तरांमध्ये चारेक ओळी मोकळ्या ठेवा, कारण तपासणारा तिथेच शेरा लिहितो. प्रत्येक विषयाची असाइनमेंट वेगळी बांधा. चारही विषय एकाच फाइलमध्ये टाचले तर एकाचीच नोंद होते आणि बाकीच्यांचा पत्ता लागत नाही. विकत मिळणारी तयार उत्तरं उतरवू नका. एकाच केंद्रावर एकच मजकूर दहा हस्ताक्षरांत येतो आणि तपासणाऱ्याला तो पहिल्या परिच्छेदातच ओळखू येतो.

पहिल्या पानावर तुमचं नाव, नोंदणी क्रमांक, अभ्यासक्रमाचा कोड, विषयाचा कोड आणि शीर्षक, असाइनमेंटचा कोड, अभ्यास केंद्राचा कोड, पत्ता आणि तारीख लिहा. यातला नोंदणी क्रमांक दोनदा तपासा. जुने क्रमांक नऊ अंकी होते, नवे दहा अंकी आहेत. एक अंक जरी इकडचा तिकडे झाला तरी गुण दुसऱ्याच्या खात्यावर जातात किंवा कुठेच चढत नाहीत, आणि ते तुम्हाला कळतं निकालाच्या वेळी.

असाइनमेंट द्यायची ती ओळखपत्रावर असलेल्या अभ्यास केंद्रावर. पर्वरीचं प्रादेशिक केंद्र तुम्हाला जवळचं वाटलं तरी तिथे परस्पर नेऊन देऊ नका, आणि दिल्लीला तर मुळीच पाठवू नका. केंद्राने पीडीएफ पाठवायला सांगितलं असेल, तर केंद्र सांगेल त्याच पद्धतीने पाठवा आणि पाठवल्याची खूण, म्हणजे फॉर्म भरल्याचा संदेश किंवा पाठवलेला ईमेल, जपून ठेवा. हाताने देणार असाल तर पोचपावतीचा कागद सोबत न्या. त्यावर विषयांचे कोड एकेक करून लिहा आणि केंद्राचा शिक्का, सही व तारीख घ्या. "चार असाइनमेंट मिळाल्या" एवढंच लिहिलेली पावती कामाची नाही, कारण पुढे वाद होतो तो कोणत्या विषयाची मिळाली यावर. देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. मूळ कागद परत मिळेल असं धरून चालू नका.

दिल्यानंतर काय बघायचं

हे तुमच्या MPS-001 आणि MPS-002 लाही लागू आहे, कारण त्या दिल्या म्हणजे गुण चढले असं नाही. केंद्रावरचा मार्गदर्शक उत्तरं तपासतो, गुणांची यादी प्रादेशिक केंद्रातून पुढे जाते आणि दिल्लीच्या मैदानगढीतल्या मूल्यमापन विभागात तुमच्या नावावर चढते. यात काही आठवडे जातात, कधी दोन-तीन महिनेही. इग्नूच्या असाइनमेंट स्टेटसच्या पानावर नोंदणी क्रमांक आणि अभ्यासक्रम टाकला की विषयाविषयाची स्थिती दिसते. तिथे Received. In Process दिसलं तर असाइनमेंट पोचली आहे, गुण अजून चढायचे आहेत. Check Grade Card दिसलं तर gradecard.ignou.ac.in वर जाऊन असाइनमेंटच्या रकान्यात आकडा आला का बघा.

काहीच दिसत नसेल तर सुरुवातीला घाबरण्याचं कारण नाही, पण जूनच्या परीक्षेचा निकाल लागूनही रकाना रिकामा असेल तर हलायला हवं. आधी अभ्यास केंद्राच्या समन्वयकांना लेखी विचारा: माझ्या अमुक विषयाचे गुण यादीत पाठवले का आणि कोणत्या तारखेला? त्यांनी पाठवले असं सांगितलं तर त्या उत्तराची आणि पोचपावतीची प्रत जोडून पर्वरीच्या प्रादेशिक केंद्राकडे अर्ज द्या. यादीत नाव नव्हतं असं निघालं तर केंद्राकडूनच पुरवणी यादी पाठवून घ्यावी लागते. शिक्का असलेली पावती नसेल तर मात्र तुम्हाला तीच असाइनमेंट पुन्हा लिहायला सांगतील, आणि त्यांचंही चूक म्हणता येणार नाही.

ही तपासणी ऑगस्टमध्येच करा. तेव्हा डिसेंबरच्या असाइनमेंटची मुदत अजून शिल्लक असते, आणि MPS-002 ची नोंद खरोखरच हरवली असेल तर तिचीही असाइनमेंट MPS-003 बरोबर पुन्हा देता येते. नोव्हेंबरमध्ये शोध सुरू केलात तर पुढची जून उजाडेल.

दुसऱ्या वर्षाची काळजी तुम्ही बोलून दाखवली नाही, पण ती असणार. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले म्हणून दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी अडत नाही. ती तिच्या मुदतीत, फी भरून करून टाका. मग तुमचं वेळापत्रक असं पडेल: जूनमध्ये MPS-001 आणि 002, ऑगस्टपर्यंत 003 आणि 004 च्या असाइनमेंट केंद्रावर, डिसेंबरमध्ये त्या दोघांचे पेपर, आणि पुढच्या जूनसाठी दुसऱ्या वर्षाच्या असाइनमेंट. पहिल्या वर्षाचं ओझं डिसेंबरमध्ये उतरवलं तर त्या जूनमध्ये फक्त दुसऱ्या वर्षाचे पेपर उरतात. ते उतरवलं नाही तर जूनमध्ये दोन्ही वर्षांचे विषय एकदम समोर येतील, आणि 2024-25 ची पुस्तिका तोवर बाद झालेली असेल.

आता केंद्रावर जाल तेव्हा एवढं करा: MPS-001 आणि 002 च्या पावतीवर विषयांचे कोड नसतील तर समन्वयकांकडून ते लिहून घ्या, आणि डिसेंबरच्या परीक्षेसाठी असाइनमेंट कोणत्या वारी आणि किती वाजता स्वीकारतात ते विचारून घ्या.